छापील सूर्योदय आणि जागेवरचा सूर्योदय: एका पहाटेत दोन पॉइंट कसे बसवायचे

अ‍ॅपमध्ये सूर्योदय ६:५५ दिसतो, म्हणून नवखा फोटोग्राफर ६:४५ला पॉइंटवर पोचतो. तोवर आकाशातला सर्वांत गडद रंग ओसरायला लागलेला असतो. मग तो घाईघाईने दरीतल्या तळ्याकडे गाडी पळवतो. तिथे पूर्वेला डोंगर असतो आणि साडेसात वाजले तरी पाण्यावर ऊन आलेलं नसतं. यातली एकही चूक कॅमेऱ्याची नाही. ६:५५ ही वेळ पूर्णपणे सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी काढलेली असते आणि तुमच्या जागेला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, इतकंच.

प्रत्येक जागेचा सूर्योदय वेगळा असतो आणि तो आधी कागदावर काढता येतो. तो काढला की एकाच पहाटेत दोन जागा करता येतील का, कुठली आधी करायची आणि पहिल्या जागेवरून कधी निघायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं. खाली एक संपूर्ण उदाहरण आकड्यांसकट सोडवलं आहे. तुमचे आकडे त्याच साच्यात टाका.

आधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

- ठिकाण आणि तारीख दिल्यावर सूर्याची दिशा आणि उंची अंशांत दाखवणारं साधन. ब्राउझरमध्ये `suncalc.org` पुरतं. फोनवर `PhotoPills` किंवा `PeakFinder` असेल तर उत्तम.
- समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा नकाशा. `Google Earth` चालेल.
- ज्या भागात जाणार त्याचा ऑफलाइन नकाशा, फोनमध्ये आधीच उतरवलेला.
- प्रवेशाची परवानगी लागत असेल तर तिची छापील प्रत, ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं.
- डोक्याला बांधायची बॅटरी. हातातली नको, कारण ट्रायपॉड लावताना दोन्ही हात मोकळे लागतात.
- एक कागद. वेळापत्रक फोनमध्ये असलं तरी कागदावरही असू द्या; थंडीत बोटं आखडलेली असताना स्क्रीन उघडत बसणं नको होतं.

१. प्रकाश किती वेळ टिकतो ते आधी काढा

गोल्डन अवर नावाला तास आहे, प्रत्यक्षात तो क्वचितच तासभर असतो. साधारणपणे सूर्य क्षितिजाखाली ४ अंश असल्यापासून क्षितिजावर ६ अंश येईपर्यंतचा काळ गोल्डन अवर धरतात. त्याआधी, सूर्य क्षितिजाखाली ६ ते ४ अंश असताना, ब्लू अवर. या सीमा कुणी कायद्याने ठरवलेल्या नाहीत, पण नियोजनाला त्या सोयीच्या आहेत.

सूर्य किती झपाट्याने वर चढतो हे अक्षांशावर अवलंबून असतं. विषुववृत्तावर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास तो जवळजवळ सरळ वर येतो आणि एक अंश चढायला त्याला ४ मिनिटं लागतात. सूर्योदयाला बिंबाची फक्त वरची कड दिसते, मध्य अजून पाऊण अंशाहून थोडा जास्त खाली असतो; म्हणून सूर्योदयापासून ६ अंशांपर्यंत अवघी २७ मिनिटं. ४५ अंश अक्षांशावर त्याच दिवसांत तो तिरका चढतो, म्हणून हाच काळ सुमारे ३९ मिनिटांचा होतो. ६० अंशांवर तो पाऊण तासाच्याही पुढे जातो. तिथे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर भर दुपारीही सूर्य साडेसहा अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सगळा दिवसच कललेल्या उन्हाचा. दुसऱ्या कुणाच्या लेखातला 'पाऊण तास मिळतो' हा आकडा म्हणून उचलू नये. तो लिहिणारा कुठल्या अक्षांशावर राहतो ते तुम्हाला ठाऊक नसतं.

आपलं उदाहरण असं: अक्षांश १८ अंश उत्तर, तारीख २१ डिसेंबरच्या आसपास, अ‍ॅपवर सूर्योदय ६:५५. या दिवसांत इथे सूर्याला एक अंश चढायला सुमारे ४.७ मिनिटं लागतात. त्यावरून सपाट क्षितिजासाठी या वेळा निघतात:

- ६:३१: सूर्य ६ अंश खाली. ब्लू अवर सुरू.
- ६:४०: सूर्य ४ अंश खाली. पूर्वेला केशरी चढायला लागतो.
- ६:५५: सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर.
- ७:२७: सूर्य ६ अंशांवर.

हे आकडे अ‍ॅपमध्ये थेट मिळतात. तरीही 'एका अंशाला किती मिनिटं' हा तुमच्या जागेचा आणि तारखेचा आकडा वेगळा लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. काढायला सोपा आहे: सूर्योदयाच्या वेळची उंची आणि अर्ध्या तासानंतरची उंची पाहा आणि ३० मिनिटांना त्या फरकाने भागा.

इथेच एक सापळा असतो. पिन नेमक्या पॉइंटवर टाका, जवळच्या शहरावर नको. एक रेखांश पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलं की सूर्योदय ४ मिनिटांनी बदलतो, आणि १८ अंश अक्षांशावर एक रेखांश म्हणजे जेमतेम १०६ किलोमीटर. दुसऱ्या देशातल्या सहलीची आखणी घरी बसून करत असाल तर अ‍ॅप कुठली घड्याळवेळ दाखवतंय तेही तपासा. काही साधनं जागेची वेळ दाखवतात, काही तुमच्या फोनची.

२. पूर्वेकडच्या डोंगराचा हिशेब

नवख्यांच्या वेळापत्रकात हाच भाग नसतो, आणि पहाट सहसा इथेच फसते.

उदाहरणातल्या दोन जागा पाहू. पॉइंट अ हा पठाराचा पूर्वेकडे उघडा कडा. समोर सपाट मैदान, आडवं काही नाही. पॉइंट ब हे दरीतलं तळं, उंची ५६० मीटर. तळ्याच्या आग्नेयेला डोंगराची धार आहे, उंची ८४० मीटर, सरळ रेषेत अंतर २ किलोमीटर.

तळ्याच्या काठावरून ती धार किती अंश वर दिसेल? उंचीतल्या फरकाला अंतराने भागायचं आणि ५७ने गुणायचं:

```
(840 - 560) / 2000 × 57 = 8 अंश
```

सूर्य ८ अंश चढेपर्यंत तळ्याच्या काठावर ऊन येणार नाही. ८ गुणिले ४.७ म्हणजे ३८ मिनिटं. त्यात आणखी दोन मिनिटं मिळवायची. क्षितिजालगत हवेतल्या वक्रीभवनामुळे सूर्य खऱ्या जागेपेक्षा अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच उचललेला दिसतो. वर आल्यावर हा आधार जवळपास संपतो, त्यामुळे तेवढा उशीर वाढतो. धार एक-दोन अंशांचीच असेल तर एक मिनिट पुरे. असे एकूण ४० मिनिटं. तळ्यावरचा सूर्योदय ७:३५ला.

म्हणजे व्याख्येनुसार या तळ्याला सूर्योदयानंतरचा गोल्डन अवर मिळतच नाही. पहिला किरण पाण्यावर पडतो तेव्हा सूर्य ६ अंशांच्या वर गेलेला असतो. ऊन तरीही कललेलं असतं, सावल्या वस्तूच्या उंचीच्या सातपट लांब असतात, पण तो गडद सोनेरीपणा गेलेला असतो.

मग तळं यादीतून काढायचं का? नाही. तळ्याच्या पलीकडे, पश्चिमेला, ७६० मीटर उंचीची टेकडी आहे. ती काठापासून दीड किलोमीटरवर, म्हणजे पूर्वेच्या धारेपासून साडेतीन किलोमीटरवर. तिच्या माथ्यावरून धार किती वर दिसते?

```
(840 - 760) / 3500 × 57 = 1.3 अंश
```

तेवढ्याला सहा-सात मिनिटं लागतात. टेकडीचा माथा ७:०२ला उजळतो आणि त्यानंतर सावलीची रेघ उतारावरून खाली सरकत ७:३५ला पाण्यापर्यंत येते. या अर्ध्या तासात पाणी सावलीत, टेकडी सोनेरी उन्हात आणि तिचं प्रतिबिंब पाण्यात. तळ्याचा खरा फोटो हा आहे, आणि तो ऊन पाण्यावर पोचण्याआधी संपतो. पाणी सावलीत असेपर्यंतच प्रतिबिंब गडद आणि स्वच्छ दिसतं. शिवाय जमीन तापायला लागली की वारा सुटतो आणि पाण्यावर तरंग येतात.

हिशेब करताना दोन गोष्टी सांभाळा.

एक, धारेची उंची सूर्य उगवतो त्या दिशेची घेऊ नका. तो धारेवर येईल तेव्हा जिथे असेल त्या दिशेची घ्या. सूर्य चढताना बाजूलाही सरकतो. आपल्या उदाहरणात उगवताना तो उत्तरेपासून ११४ अंशांवर आहे आणि ८ अंश उंचीवर ११८ अंशांवर. दोन किलोमीटरवरच्या धारेवर हे चार अंश म्हणजे १४० मीटरचं अंतर. तेवढ्यात एखादी खिंड येऊ शकते किंवा एखादा सुळका आडवा येऊ शकतो.

दोन, नकाशावरची उंची जमिनीची असते, तिच्यावरच्या झाडांची नाही. धारेवर १५ मीटर उंच झाडं असली तर दोन किलोमीटरवरून ती ०.४ अंश जास्त आडवी येतात, म्हणजे दोन मिनिटं. धार अर्ध्या किलोमीटरवर असेल तर तीच झाडं आठ मिनिटं खातात.

आकडेमोड नको असेल तर `PeakFinder`मध्ये जागा आणि तारीख टाकून धारेची रेघ आणि सूर्याचा मार्ग एकत्र पाहता येतो. तरीही एकदा हाताने काढून बघा. पिन चुकीच्या काठावर पडली असेल तर ते हातच्या आकड्यामुळेच लक्षात येतं.

३. आदल्या दिवशी जागा बघा

रेकी दुपारी केली तरी चालते. सूर्य तिथे असण्याची गरज नाही. नेमक्या त्या दगडावर उभं राहायचं जिथे ट्रायपॉड लागणार आहे. फोनच्या होकायंत्राने सूर्याच्या दिशेचा अंदाज घ्यायचा आणि त्या दिशेला धार किती वर आहे ते मोजायचं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी सुमारे १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. फोनमध्ये उतार मोजायची सोय असेल तर ती जास्त अचूक. कागदावरचे ८ अंश आणि हाताने मोजलेले १२ निघाले तर हाताचं ऐका, आणि फरक का पडला ते शोधा. बहुतेक वेळा जवळची एखादी लहान धार नकाशात नजरेतून सुटलेली असते.

होकायंत्र वापरताना गाडीपासून चार पावलं दूर जा. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर ते काढा. अ‍ॅपमधली दिशा भौगोलिक उत्तरेपासून असते आणि होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. काही प्रदेशांत या दोहोंत दहा-पंधरा अंशांचाही फरक असतो. फोनच्या सेटिंगमध्ये भौगोलिक उत्तर निवडता येते, ती निवडून ठेवा.

रेकीत बघायची दुसरी गोष्ट म्हणजे फाटक. पुष्कळ संरक्षित जागांचं प्रवेशद्वार सूर्योदयालाच उघडतं. ६:५५ला फाटक उघडणार असेल तर वरचं सगळं वेळापत्रक बाद. तिथे विचारा, नुसत्या वेबसाइटवर विसंबू नका. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते का हेही त्याच वेळी विचारून घ्या.

पायवाटेचा शेवटचा तुकडा अंधारात कसा दिसेल याचा अंदाज घ्या. जिथे वाट फुटते तिथे फोनमध्ये पिन टाकून ठेवा. दिवसा सरळ दिसणारी वाट बॅटरीच्या झोतात तीन वाटांसारखी दिसते.

४. वेळापत्रक उलटं मांडा

घरातून कधी निघायचं इथून सुरुवात करू नका. कॅमेरा कधी तयार हवा इथून मागे या.

पॉइंट अ वर ब्लू अवर ६:३१ला सुरू होतो. कॅमेरा ६:२५ला तयार हवा.

- ट्रायपॉड, फ्रेम, फोकस: १० मिनिटं. वर पोचायची वेळ ६:१५.
- पायवाट: १ किलोमीटर, ९० मीटर चढ. इथे गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा कामाला येतो, स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२मध्ये मांडलेला: एका किलोमीटरला १२ मिनिटं आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं जास्त. त्यानुसार २१ मिनिटं. पण तो हिशेब उजेडातल्या ठणठणीत चालणाऱ्याचा आहे. अंधार आणि पाठीवर कॅमेऱ्याची बॅग असेल तर दीडपट धरा, म्हणजे ३२ मिनिटं. चालायला सुरुवात ५:४३.
- गाडी लावणं, बूट, बॅग: ५ मिनिटं. गाडी ५:३८ला पोचायला हवी.
- रस्ता: ३० किलोमीटर, नकाशा ५० मिनिटं सांगतो. पहाटेच्या अंधारात घाटरस्त्यावर त्यात पाव भाग वाढवा: ६२ मिनिटं. निघायची वेळ ४:३६.

नकाशाच्या वेळेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. रात्री नऊ वाजता, मुक्कामी बसून पाहिलेली वेळ ही रात्री नऊच्या रहदारीची असते. निघण्याची किंवा पोचण्याची वेळ टाकून विचारा. ऑफलाइन नकाशात तर रहदारीची माहिती नसतेच. पहाटे रहदारी नसल्यामुळे वेळ वाचेल असं वाटतं, आणि मोठ्या रस्त्यावर ती वाचतेही. पण घाटात धुकं, रस्त्यात बसलेली जनावरं, समोरच्या गाडीचा प्रखर दिवा यामुळे सरासरी वेग उतरतो. मिळालेला वेळ तिथेच जातो.

बॅग रात्रीच भरा. मेमरी कार्ड कॅमेऱ्यात, बॅटरी पूर्ण, लेन्स बसवलेली, ट्रायपॉडची प्लेट लावलेली. बॅग तापलेल्या किंवा वातानुकूलित खोलीत ठेवू नका. गार लेन्स दमट हवेत आली की काचेवर वाफ धरते. ती पुसली तरी पुन्हा धरते आणि वीस मिनिटं जातात. बाहेरच्या तापमानाच्या जवळपास राहील अशा जागी बंद बॅग ठेवली की हा त्रास होत नाही.

५. दोन जागांमधलं अंतर दारापासून दारापर्यंत मोजा

अ पासून ब पर्यंत रस्ता ७ किलोमीटर, नकाशा म्हणतो १४ मिनिटं. म्हणून नवखा माणूस ठरवतो: ६:५५ला सूर्योदय, आणखी दहा मिनिटं फोटो, ७:०५ला निघालो की ७:१९ला तळ्यावर. प्रत्यक्षात असं होतं:

- सामान आवरणं: ३ मिनिटं
- पायवाटेने गाडीपर्यंत, आता उजेडात आणि उताराने: १२ मिनिटं
- गाडी: १४ मिनिटं
- गाडीपासून काठापर्यंत: ३ मिनिटं
- ट्रायपॉड आणि फ्रेम: ३ मिनिटं

एकूण ३५. ७:०५ला निघालं तर ७:४०. तोवर ऊन पाण्यावर येऊन पाच मिनिटं झालेली असतात.

सूर्यबिंब बघून लगेच, ७ वाजता निघालं तरी ७:३५. जमत नाही. आता पर्याय तीन राहतात. ब दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा. किंवा अ साठी रस्त्यालगतची, पायवाट नसलेली जागा शोधायची. किंवा अ वरून सूर्योदयाच्या आधीच निघायचं.

तिसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो, पण या दोन जागांसाठी मला तोच बरोबर वाटतो. कड्यावरून मैदानाकडे बघताना आकाशाचा रंग सहसा सूर्योदयाच्या आधीच्या वीस मिनिटांत सर्वांत चांगला असतो. बिंब वर आलं की आकाश आणि जमीन यांच्यातला उजेडाचा फरक एकदम वाढतो, समोरचं खडकाळ फोरग्राउंड काळं पडतं किंवा आकाश पांढरं होतं. मैदानावर धुरकट हवा असेल तर बिंब दिसतंच उशिरा, आणि तेही फिकट. म्हणून ६:२५ ते ६:४७ अ वर, ६:४७ला ट्रायपॉड मिटायचा, ७:२२ला ब वर तयार. सावलीची रेघ पाण्यावर येईपर्यंत १३ मिनिटं हातात राहतात. त्यानंतर ७:३५ला धारेवरून डोकावणारा सूर्य एफ १६वर घेतला की ताऱ्यासारखी किरणं येतात, तो जादाचा फायदा. पुढची वीसेक मिनिटं, सूर्य १२ अंशांवर येईपर्यंत, काठावरचं गवत आणि झाडं बाजूच्या उन्हात घेता येतात.

या योजनेला एक शेवटची मर्यादा घालून द्या. इथे ती ६:५२. तेव्हा निघालं तर ७:२७ला पोचता, आठ मिनिटं मिळतात. अ वर आकाश अचानक पेटलं आणि ६:५२ उलटून गेली, तर ब सोडून द्या आणि अ वरच थांबा. ७:२७पर्यंत तिथे चांगलं ऊन आहे. दोन्ही जागा अर्ध्या मिळवण्याच्या नादात घाटात गाडी पळवणं, हा सगळ्यांत वाईट सौदा.

पहाटेची क्रमवारी ठरवायचा नियम यातूनच निघतो: पूर्व उघडी ती जागा आधी, पूर्वेला डोंगर ती नंतर. दोन्ही जागांच्या सूर्योदयांमधला फरक दारापासून दारापर्यंतच्या वेळेपेक्षा जास्त असेल तरच दोन्हीकडे पहिलं ऊन मिळतं. आपल्या उदाहरणात फरक ४० मिनिटांचा आणि प्रवास ३५चा. हातात पाचच मिनिटं उरतात, म्हणून ओढाताण झाली. दोन्ही जागा मोकळ्या क्षितिजाच्या असतील तर एक पहाट, एक जागा.

६. ढग आणि धुकं

आदल्या संध्याकाळी फक्त 'ढगाळ की निरभ्र' एवढंच बघून उपयोग नाही. वर पातळ ढग असणं चांगलं, पण त्यांच्यापर्यंत खालून ऊन पोचायला पूर्वेकडचं क्षितिज मोकळं हवं, तेही बरंच लांबवर. सहा किलोमीटर उंचीवरच्या ढगाला सूर्योदयाआधी लागणारा किरण पावणेतीनशे किलोमीटर पूर्वेला जमिनीला घासून आलेला असू शकतो. म्हणून उपग्रहाच्या चित्रात आपल्या डोक्यावरचं आकाश बघून थांबू नका, पूर्वेला अडीचशे-तीनशे किलोमीटरपर्यंत नजर टाका. तिथे जाड थर असेल तर आपल्याकडचे सुंदर ढग करडेच राहतील.

धुक्याची चिन्हं वेगळी: रात्र निरभ्र, वारा जवळजवळ नाही आणि तापमान व दवबिंदू यांच्यात दोन अंशांचाच फरक. अशा पहाटे दरी भरते. पॉइंट अ वर ते वरदान, खालचं मैदान ढगांनी भरलेलं दिसतं. पॉइंट ब वर मात्र टेकडीच दिसणार नाही, आणि हे धुकं ऊन लागल्यावर लगेच नाही, बऱ्याच वेळाने विरतं. वरून दरी भरलेली दिसली तर ६:४७ची सुटका रद्द. तिथेच थांबा.

७. संध्याकाळी सगळं उलटं

संध्याकाळी पश्चिमेकडचा डोंगर सूर्य लवकर गिळतो. हिशेब तोच, फक्त मिनिटं सूर्यास्तातून वजा करायची. दरीतली जागा आधी, उघडा कडा शेवटी. प्रवासाची घाई कमी असते, पण परतीची पायवाट अंधारात उतरायची असते. तिथे नेस्मिथचा ठोकताळा पुन्हा दीडपट धरा, आणि डोक्याची बॅटरी दुपारीच बॅगेत आहे याची खात्री करा.

८. हे आकडे किती दिवस चालतात

ब वर पाण्यावर पहिलं ऊन कधी आलं ती खरी वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवा. पाहिजे तर त्या क्षणी एक साधा फोटो काढा, वेळ त्यात आपोआप नोंदली जाते. कागदावरच्या ७:३५पेक्षा तीन-चार मिनिटांचा फरक निघाला तर तो झाडांचा किंवा पिनचा, आणि पुढच्या वेळी तो थेट मिळवायचा.

डिसेंबर आणि जूनच्या अयनदिनांच्या आगेमागे दोन आठवडे सूर्य उगवण्याची दिशा एका अंशाच्या आसपासच बदलते, त्यामुळे धारेची तीच जागा तुमच्या कामाची राहते. घड्याळवेळ मात्र अ‍ॅपमधून पुन्हा घ्या. विषुववृत्ताच्या उत्तरेला वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय सर्वांत लहान दिवशी नसतो, नंतर येतो, आणि या अक्षांशावर तर जानेवारीत. मार्च आणि सप्टेंबरमध्ये १८ अंश अक्षांशावर ही दिशा आठवड्याला तीन अंश सरकते. सूर्यबिंब स्वतः अर्ध्या अंशाचं असतं. दोन सुळक्यांच्या मधोमध सूर्य हवा असेल तर त्या दिवसांत एक-दोनच पहाटा मिळतात. १८ अंश अक्षांशावर वर्षभरात सूर्योदयाची दिशा साधारण ६५ ते ११५ अंशांच्या दरम्यान फिरते. डिसेंबरमध्ये ८ अंशांची धार आडवी येणाऱ्या या तळ्याला जूनमध्ये कदाचित मोकळी खिंड मिळेल, किंवा याहून उंच डोंगर आडवा येईल. त्यासाठी दुसरा भाग नव्या दिशेने पहिल्यापासून सोडवावा लागतो.